व्हिडिओ मुलांना चालेल की नाही, हे कसं ठरवायचं? साबणाच्या एका व्हिडिओवरून शिकूया



आजच्या व्हिडिओत मी फळ्यावर जे मांडलं, त्याचा हा लेखी भाग. व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून उदाहरण अर्धवट राहिलं. इथे ते पूर्ण करतो. चहा घेऊन बसा आणि शक्य असेल तर स्वतःचा एखादा जुना व्हिडिओ शेजारी उघडून ठेवा.

धंद्याचे व्हिडिओ टाकणाऱ्या बहुतेकांना वाटतं की "मुलांना अयोग्य" म्हणजे शिव्या, मारामारी आणि अंगप्रदर्शन. आपल्या व्हिडिओत यातलं काहीच नाही, आपण तर साबण, मेणबत्त्या, मसाले, मासे विकतो, मग आपला काय संबंध? संबंध आहे. युट्यूब ज्या कारणांसाठी व्हिडिओवर १८ वर्षांची मर्यादा घालतं, त्यात एक कारण असं आहे: मोठी माणसं धोक्याचं काही करतायत आणि लहान मुलं ते सहज नक्कल करून बघतील. हातकाम दाखवणारे छोटे धंदेवाले नेमके इथे सापडतात. तेही बऱ्याचदा चांगल्या हेतूने केलेल्या व्हिडिओत.

मर्यादा लागली की काय होतं ते आधी बघा, म्हणजे विषय किती खिशाजवळचा आहे ते कळेल. असा व्हिडिओ १८ वर्षांखालच्यांना दिसत नाही, आणि लॉगिन न केलेल्या कुणालाच दिसत नाही. तुम्ही तो स्वतःच्या वेबसाइटवर, ऑर्डरच्या पानावर बसवला असेल, तर तिथे तो बहुतेक वेळा चालतच नाही. गिऱ्हाइकाला युट्यूबवर जाऊन लॉगिन करून बघावा लागतो. जाहिरातीचं उत्पन्न कमी होतं किंवा बंद होतं. म्हणजे व्हिडिओ काढलेला नसतो, पण दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असतं.

शब्द मोजून निकाल लागत नाही

पहिली सवय मोडायची ती "यात वाईट शब्द आहे का, वाईट दृश्य आहे का" एवढंच शोधायची. ही सवय दोन्ही बाजूंनी फसवते.

एक बाजू बघा. जून २०२० मध्ये क्रोएशियाचे अँटोनियो रादिच यांचा बुद्धिबळाचा प्रसिद्ध चॅनल युट्यूबने अचानक बंद केला. ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा यांच्याशी गप्पा चालू होत्या आणि कारण दाखवलं गेलं "हानिकारक आणि धोकादायक" मजकुराचं. साधारण दिवसभरात चॅनल परत आला, पण नेमकं काय खटकलं ते युट्यूबने स्पष्ट सांगितलं नाही. पुढे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी एक शंका तपासून बघितली. बुद्धिबळात सतत "काळा", "पांढरा", "हल्ला", "धोका" हे शब्द येतात. द्वेषाची भाषा ओळखणाऱ्या दोन संगणकीय चाळण्यांतून त्यांनी बुद्धिबळाच्या चॅनलांवरच्या ६ लाख ८० हजारांहून जास्त प्रतिक्रिया घातल्या. चाळणीने द्वेषाच्या म्हणून बाजूला काढलेल्यांपैकी १,००० त्यांनी स्वतः वाचल्या, तर त्यातल्या ८२ टक्क्यांत द्वेष नव्हताच. काळ्या घोड्याने पांढऱ्या वजिरावर हल्ला केला, एवढंच होतं! रादिच यांचा चॅनल याच कारणाने बंद झाला असं यातून सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. पण शब्द तोच असून विषय बदलला की अर्थ उलटतो, हे मात्र स्वच्छ दिसतं.

दुसरी बाजू जास्त गंभीर. २०१७ मध्ये जगभर गाजलेलं एक प्रकरण आहे, लोक त्याला "एल्सागेट" म्हणतात. एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग अशी मुलांची लाडकी पात्रं, भडक रंग, बालगीतासारखं संगीत, आणि आत इंजेक्शनं, मारहाण, भीतिदायक प्रकार. शीर्षकं आणि टॅग सगळे मुलांचे. त्यामुळे असे व्हिडिओ मुलांसाठीच्या वेगळ्या ॲपमध्येही पोचले. वरून बघणाऱ्याला एकही खटकणारा शब्द सापडला नसता. तिथे खटकत होता तो पात्रांचा ओळखीचा चेहरा आणि त्यांच्याकडून करवून घेतलेलं कृत्य यांचा मेळ.

म्हणजे चाळणी निरुपद्रवी व्हिडिओ अडवते आणि घातक व्हिडिओ सोडते. मधला फरक ज्याने कळतो, त्याला आपण संदर्भ म्हणतो.

संदर्भ म्हणजे नेमकं काय

हा शब्द फार सैल वापरला जातो. कुणी म्हणतं "संदर्भ बघा ना सर" आणि त्याचा अर्थ असतो "माझा हेतू चांगला होता." हेतू म्हणजे संदर्भ नव्हे. बघणाऱ्याला जे दिसतं आणि ऐकू येतं, तेवढ्याचाच संदर्भ.

आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ओटीटीवरच्या मालिका-चित्रपटांचं वयानुसार वर्गीकरण सांगितलंय: सगळ्यांसाठी यू, मग यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि प्रौढांसाठी ए. ते वर्गीकरण ओटीटीवाल्यांसाठी लिहिलेलं आहे. आपण त्यातली विचार करायची पद्धत उसनी घेऊ, कारण ती चांगली आहे. त्यात सुरुवातीला चार गोष्टी बघायला सांगितल्यात. दाखवलेलं कुठल्या काळातलं, कुठल्या समाजातलं, म्हणजे संदर्भ. विषय काय आणि तो हाताळलाय कसा. सूर काय आणि एकूण परिणाम काय होतो. आणि हे कुणासाठी आहे. त्यानंतर मग हिंसा, भाषा, नग्नता, नशेचे पदार्थ, भीती अशा एकेका मुद्द्याची यादी येते. त्या यादीत एक मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो आहे नक्कल होण्याजोग्या वागण्याचा: धोक्याचं जे कुणी बघून तसंच करू शकेल, त्याला वरची श्रेणी.

आता आजच्या धड्याचा गाभा. यादीतल्या सगळ्या मुद्द्यांवर संदर्भ सारखा चालत नाही.

मालवणची एखादी ताई अडाळीवर सुरमई कापतेय, रक्त दिसतंय. हेच रक्त भयपटात दिसलं तर वेगळं, मासळीच्या व्हिडिओत दिसलं तर वेगळं. घरात मासे होणारं पोर हे रोज बघतं. इथे संदर्भ दृश्याचा अर्थ बदलतो आणि प्रश्न सुटतो. (थंबनेलवर मात्र नुसतं रक्त आणि लटकलेलं डोकं लावू नका. थंबनेल एकटं दिसतं, त्याच्याबरोबर व्हिडिओ नसतो. त्याचा निकाल वेगळा लावायचा.)

बचतगटाच्या महिला सॅनिटरी पॅडचा व्हिडिओ करतात. लाल पाणी ओतून पॅड किती शोषतं ते दाखवतात. "सर, हे मुलांसमोर कसं चालेल?" असा प्रश्न हमखास येतो. का नाही चालणार? दहा-बारा वर्षांच्या मुलीला ही माहिती लागणारच आहे. आपल्याला बोलायला अवघड वाटणं आणि मुलाला अपाय होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीचा सूर असेल, तर संदर्भ इथेही प्रश्न सोडवतो.

पण नक्कल होण्याजोग्या कृतीचं तसं नाही. मूल व्हिडिओतून संदर्भ घरी नेत नाही, कृती नेतं. तुम्ही शिक्षणासाठी दाखवलं की मजेसाठी, सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात राहतं ते "पांढरं पाण्यात टाकलं की धूर येतो." म्हणून अशा दृश्यात संदर्भ त्याच चौकटीत, त्याच सेकंदाला, डोळ्याला दिसेल असा लागतो. वर्णनात लिहिलेली सूचना तिथे काही कामाची नाही. युट्यूबही शैक्षणिक म्हणून सूट देताना हेच बघतं: माहिती व्हिडिओच्या चित्रात किंवा आवाजात आहे का?

आता साबणाचा व्हिडिओ तपासू

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण असे व्हिडिओ तुम्ही डझनाने बघितले असतील. समजा, एक ताई घरी हाताने साबण करतात. नारळाचं तेल, एरंडेल, कॉस्टिक सोडा, रंग, सुवास आणि टेडी बेअरच्या आकाराचे साचे. व्हिडिओ ४ मिनिटं २० सेकंदांचा. हेतू सरळ: बघा, किती शुद्ध, किती घरगुती.

तपासायला मी तीन फेऱ्या करायला सांगतो. पहिली फेरी आवाज बंद करून, कारण लहान मूल तसंच बघतं, चित्राकडे. दुसरी फेरी स्क्रीन पालथी ठेवून फक्त ऐकायचं. तिसरी दोन्ही मिळून, हातात वही. वहीत मत लिहायचं नाही, दिसलं तेवढंच लिहायचं: किती वाजून किती सेकंदांनी, काय, किती वेळ, किती जवळून, करणारा कोण. "धोकादायक वाटतं" असं लिहिलंत की तुमचा निकाल आधीच लागलेला असतो आणि पुढचं नीट दिसत नाही.

ताईंच्या व्हिडिओची वही अशी होते.

०:०० ते ०:१२. रंगीत टेडी साबण, जवळून, उड्या मारणारं संगीत. आवाज: "चॉकलेट वाटतंय ना? खावंसं वाटतंय ना?"

०:१३ ते ०:४७. टेबलावर साहित्य. तेलांची नावं सांगितली. कॉस्टिक सोड्याला नुसतं "आणि ही पावडर" म्हटलं. ती काचेच्या बरणीत आहे, बरणीवर काही लिहिलेलं नाही.

०:४८ ते ०:५७. पावडर पाणी पिण्याच्या स्टीलच्या पेल्यात टाकली, उघड्या हाताने, चमच्याने. वाफ आली. ताई वाकून बघतात, हसतात: "बघा, जादू!"

१:३० ते २:३५. तेलात ओतून ब्लेंडर फिरवला. मिश्रण घट्ट झालं.

२:४० ते ३:१०. सहा-सात वर्षांची मुलगी साच्यांत मिश्रण ओततेय. बोटाने कड पुसते. आवाज: "आमची छोटी उद्योजिका!"

३:१५ पासून. दुसऱ्या दिवशी साबण साच्यातून काढले, पॅकिंग, ऑर्डरचा नंबर.

आता ठरलेल्या यादीने तपासा. हिंसा शून्य. शिवी शून्य. नग्नता, नशा, भीती, सगळं शून्य. शब्दांची चाळणी या व्हिडिओला शंभर पैकी शंभर देईल.

बॅचमध्ये असं उदाहरण ठेवलं की बहुतेकजण ०:४८ वर बोट ठेवतात, कारण वाफ दिसते. बरोबर आहे, ते दृश्य धोक्याचंच आहे. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तो पाण्यात टाकला की स्वतःच इतका तापतो की साबणाच्या नेहमीच्या प्रमाणात पाणी ८० अंशांच्या आसपास जातं, पेटवायची गरज नसते. दाण्यांच्या रूपात तो थेट साबुदाण्यासारखा दिसतो. कातडी जाळतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, गिळला तर अन्ननलिका भाजते. त्यात इथे पिण्याचा पेला, नाव नसलेली बरणी आणि "जादू" हा शब्द. मुलाला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी एका चौकटीत आल्या: वस्तू मिळते हार्डवेअरच्या किंवा केमिकलच्या दुकानात, भांडं घरातलंच, आणि बक्षीस म्हणून धूर.

पण या व्हिडिओतलं सगळ्यात वाईट दृश्य ते नाही. ते आहे २:४०. दिसायला गोड, संगीत गोड, लेक आईला मदत करतेय. ज्याला साबण कसा होतो ते माहीत नाही, त्याला इथे काहीच खटकणार नाही. माहीत असणाऱ्याला कळतं की ताजं मिश्रण म्हणजे अजून साबण नव्हे. तेल आणि सोडा यांची प्रक्रिया चालूच असते, मोकळा सोडा त्यात शिल्लक असतो. साच्यात घातल्यावर दिवसभर तो आपलं काम करतो, आणि नंतर चार ते सहा आठवडे साबण सुकवून मुरवतात. म्हणजे ती मुलगी उघड्या बोटाने जे पुसतेय, त्याने बोट भाजू शकतं. आणि तेच बोट मुलं डोळ्याला लावतात.

इथे नियमही बदलतो, हे नीट समजून घ्या. मोठं माणूस धोक्याचं काम करताना दिसलं, तर प्रश्न वयोमर्यादेचा. लहान मूलच धोक्याचं काम करताना दिसलं, तर प्रश्न बालसुरक्षेचा, आणि तिथे व्हिडिओ सरळ काढला जातो. "आम्ही १८ ची मर्यादा लावू" म्हणून तो सुटत नाही. वाफेचं दृश्य राखून काहीतरी मार्ग निघतो. मुलीच्या दृश्याला मार्ग नाही, ते जायलाच हवं.

म्हणून मी म्हणतो की आपल्या धंद्याचे व्हिडिओ आपणच तपासावेत. बाहेरच्या तपासणाऱ्याला वाफ दिसेल. मिश्रणात मोकळा सोडा आहे हे तुम्हालाच माहीत असतं. फटाके, मेणबत्त्या, रेझिन, लोणच्यासाठीचं ॲसिटिक ॲसिड, शिवणयंत्र, ग्राइंडर, ज्याचं त्याला ठाऊक.

तिसरी जागा ०:०० ची. "खावंसं वाटतंय ना?" ही ओळ मोठ्यांसाठी गंमत आहे. पण टेडीचा आकार, चॉकलेटचा रंग आणि हे वाक्य एकत्र आलं की चार वर्षांच्या मुलाला ते निमंत्रण वाटतं. तयार साबण चावल्याने सोड्यासारखं भाजत नाही, त्यामुळे याचं वजन २:४० इतकं नाही. तरी वाक्य बदला. फुकटात बदलता येतं.

दुरुस्ती कशी करायची

ताईंपुढे दोन रस्ते आहेत. एक, आहे तसा व्हिडिओ ठेवून स्वतःच १८ ची मर्यादा लावणं. तोटे वर सांगितलेच, आणि मुलीचं दृश्य त्यानेही वाचत नाही. दुसरा, तीन जागा बदलून सगळ्यांना दिसेल असा करणं. गिऱ्हाईक मिळवायला केलेला व्हिडिओ आहे, म्हणजे दुसराच रस्ता.

२:४० ते ३:१० कापायचं. युट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये चढवलेल्या व्हिडिओतला भाग कापता येतो, चेहरा धूसर करता येतो. पण नवीन दृश्य किंवा नवीन बोलणं त्यात घालता येत नाही, आणि त्याच लिंकवर दुसरी फाइल बसवता येत नाही. त्यामुळे ०:४८ सुधारायचं असेल तर व्हिडिओ नव्याने चढवावा लागेल, जुन्याचे व्ह्यूज सोडून. मन घट्ट करा आणि सोडा.

०:४८ पुन्हा शूट करताना: हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, डोळ्याला गॉगल, पूर्ण बाह्यांचे कपडे, खिडकी उघडी. जाड प्लास्टिकचं किंवा स्टेनलेस स्टीलचं वेगळं मोठं भांडं, ज्यावर ठळक अक्षरात "कॉस्टिक, हात लावू नये" लिहिलंय आणि जे स्वयंपाकात परत जात नाही. ॲल्युमिनियमचं अजिबात नाही. सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. आणि तोंडाने म्हणायचं: "हा कॉस्टिक सोडा आहे. याने कातडी जळते. हे काम फक्त मोठ्यांनी, मुलं घरात झोपलेली किंवा बाहेर असताना करायचं. अंगावर उडालाच तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरायचं, व्हिनेगर किंवा लिंबू लावायचं नाही, आणि डॉक्टरांकडे जायचं." जवळून वाफेचा शॉट नको. भांडं दुरून दिसू दे, ताई मागे सरकलेल्या दिसू देत. मागे सरकणं हे लहान मुलालाही न वाचता कळतं. पट्टीवरची बारीक अक्षरं त्याला वाचता येत नाहीत.

लोक विचारतात, मोजे-गॉगल घातले म्हणजे नक्कल होणार नाही का? होऊ शकते. पण आता दृश्यातलं बक्षीस गेलं. "जादू" गेली, हसू गेलं, पेला गेला, आणि त्याजागी कंटाळवाणी तयारी आली. नक्कल ही बहुतेक वेळा मजेची होते, तयारीची होत नाही. आणि ज्याला खरोखर साबण शिकायचाय त्या मोठ्या माणसाला आता जास्त उपयोगी व्हिडिओ मिळाला. कॉस्टिकचं नाव लपवून कुणाचंच भलं होत नव्हतं. "घरगुती" म्हणजे "निरुपद्रवी" असं दाखवायच्या नादात नाव लपवलं जातं, आणि माझ्या मते अशा व्हिडिओंची ही सगळ्यात मोठी खोड आहे.

मुलीला व्हिडिओत घ्यायचंच असेल, तर शेवटी घ्या. पूर्ण मुरलेल्या साबणाला कागद गुंडाळताना, चिठ्ठी चिकटवताना. गोडवा तोच, धोका नाही.

एक घोटाळा: दोन वेगळी बटणं

व्हिडिओ चढवताना स्टुडिओत दोन प्रश्न एकाच ठिकाणी येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला प्रश्न व्हिडिओ मुलांसाठी बनवलाय का, हा. पर्याय `Yes, it's made for kids` आणि `No, it's not made for kids`. त्याखाली वयोमर्यादेचा प्रश्न, त्यात `Yes, restrict my video to viewers over 18` असा पर्याय.

पुष्कळजण विचार करतात: माझा व्हिडिओ स्वच्छ आहे, मुलांनी बघितला तरी चालेल, म्हणून पहिल्याला `Yes`. चूक! पहिला प्रश्न "मुलांना चालेल का" असा नाहीच. तो विचारतो, "हा मुलांना उद्देशून केलाय का?" अमेरिकेत मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये गुगल आणि युट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, त्यातून २०२० पासून हा प्रश्न सगळ्यांना लागू झाला. `Yes` म्हटलं की त्या व्हिडिओवर प्रतिक्रिया बंद, आवडीनुसारच्या जाहिराती बंद, शेवटची पाटी आणि कार्डं बंद. ऑर्डर घेणाऱ्याचं यात नुकसानच. ताईंचा सुधारलेला व्हिडिओ मोठ्या गिऱ्हाइकांसाठी आहे, मुलांनी बघितला तर बिघडत नाही. तेव्हा पहिल्याला `No`, आणि दुसऱ्यालाही मर्यादा नको.

पण इथेही व्हिडिओत काय दिसतं ते महत्त्वाचं. टेडी, बालगीताची चाल आणि लहान मुलगी हेच पूर्णवेळ दिसत असेल, तर तुम्ही `No` म्हणालात तरी युट्यूब स्वतःहून तो मुलांसाठीचा ठरवू शकतं. हेतू तुमच्या मनात, व्हिडिओ लोकांसमोर.

मर्यादा लागलीच तर

स्टुडिओत `Content` मध्ये त्या व्हिडिओसमोर `Restrictions` च्या रकान्यात ते दिसतं, आणि तिथूनच अपील करता येतं. वयोमर्यादेविरुद्ध अपील एकदाच करता येतं, म्हणून रागाच्या भरात दोन ओळी खरडू नका. "माझा चॅनल साफ आहे, मी गरीब उद्योजक आहे" याचा उपयोग नाही. तपासणारा तुमची परिस्थिती तपासत नाही, व्हिडिओ तपासतो. तुमची वही इथे कामाला येते. ताईंच्या नव्या व्हिडिओवर मर्यादा लागली, तर अपील साधारण असं लिहावं:

"हा मोठ्यांसाठी साबणनिर्मितीचा प्रशिक्षण व्हिडिओ आहे. ०:४८ ते १:२० मध्ये कॉस्टिक सोडा हाताळला आहे. त्या दृश्यात मोजे, गॉगल आणि धोक्याची पाटी लावलेलं भांडं दिसतं. ०:५० ला काम फक्त मोठ्यांनी करावं आणि ०:५८ ला भाजल्यास काय करावं हे तोंडी सांगितलं आहे. धोक्याच्या कुठल्याही टप्प्यात लहान मूल नाही. कृपया या वेळा पाहून पुन्हा तपासावं."